रेंज पूर्ण, तरी पान उघडत नाही: दिवसाचं नेट संपलंय हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

फोनच्या वरच्या कोपऱ्यात सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, शेजारी ४जी लिहिलेलं असतं, फोन लागतो, बोलणं स्वच्छ ऐकू येतं. आणि तरी क्रोममध्ये पान उघडायला घेतलं की वरची निळी रेघ अर्ध्यावर येऊन थांबते. ‘रेंज आहे, पण नेट नाही’ असं म्हणत माणूस फोन बंद करून चालू करतो, सिम काढून पुसून परत घालतो, शेवटी रिचार्जच्या दुकानात जातो आणि तिथे नको ते पॅक मारून येतो. बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो आणि टॉवरही बंद नसतो. प्रीपेड पॅकमधला त्या दिवसाचा डेटा संपलेला असतो.

हा लेख त्याबद्दल आहे: रोज १.५ किंवा २ जीबी देणारं पॅक, दिवसाची मर्यादा संपलेली, आणि आपण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड या पट्ट्यात. या पट्ट्याचा उल्लेख मुद्दाम केलाय. इथे दोन राज्यांचे टॉवर शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे डेटा संपल्यासारखी लक्षणं दुसऱ्याच कारणाने दिसू शकतात. तेही पुढे येईल.

काड्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोहोचतोय. तुमच्या पॅकमध्ये काही शिल्लक आहे का, हे टॉवरला ठाऊक नसतं. तो हिशेब कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेत चालतो. तुम्ही वापरलेला प्रत्येक एमबी तिथे मोजला जातो, आणि मर्यादा गाठली की ती यंत्रणा तुमच्या जोडणीचा वेग आवळते. टॉवर, सिम, फोन हे सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं. म्हणून काड्या हलत नाहीत, ४जीचं चिन्हही जात नाही. एसटी स्टँडवर बस उभी दिसणं वेगळं आणि आपल्याकडे तिकीट असणं वेगळं, तसंच हे.

संपलं म्हणजे बंद नाही, आवळलं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. रोजच्या मर्यादेच्या पॅकमध्ये डेटा ‘संपला’ म्हणजे नेट पूर्ण तोडलं जात नाही. जिओ, एअरटेल, व्हीआय यांच्या अशा पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो. बीएसएनएलच्या बऱ्याच पॅकमध्ये तो ४० वर येतो. हा आकडा किलोबिटचा आहे. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ६४ ला ८ ने भागा: सेकंदाला ८ किलोबाइट. तेवढंच नेट आता तुमच्याकडे आहे.

त्यात काय होतं ते पाहा. व्हॉट्सअॅपचा लिहिलेला मेसेज एखाद्या किलोबाइटचाही नसतो, तो लगेच जातो. दीडशे केबीचा फोटो यायला वीसेक सेकंद लागतात. बातम्यांचं साधं पान चित्रं-जाहिरातींसकट २ एमबीचं असेल तर २०४८ भागिले ८, म्हणजे २५६ सेकंद, चार मिनिटांच्या वर. तेही त्या वेळी फोनमध्ये दुसरं काहीच चालू नसेल तर. प्रत्यक्षात मागे दहा अॅप आपापलं काहीतरी ओढत असतात आणि त्या ८ किलोबाइटचे तुकडे पडतात. ब्राउझर ठरावीक वेळ वाट पाहतो आणि मग ERR_TIMED_OUT किंवा ERR_CONNECTION_TIMED_OUT असं दाखवून हात टेकतो. म्हणून नेट ‘स्लो’ वाटत नाही, ‘बंद’ वाटतं.

मेसेज जातोय पण पान उघडत नाही, फोटो गोल गोल फिरतोय, आणि फोन मात्र लागतोय, हे सगळं एकत्र दिसलं की दिवसाची मर्यादा संपल्याची शक्यता फार मोठी आहे.

खात्री कशी करायची

सगळ्यात आधी मेसेजचा इनबॉक्स बघा. व्हॉट्सअॅप नाही, साध्या एसएमएसचा. डेटा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापरून झाला की कंपनीने ग्राहकाला कळवायचं, असा दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायचा नियम आहे. हे मेसेज जाहिरातींच्या गर्दीत दडलेले असतात आणि आपल्याकडे ते बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात, त्यामुळे कन्नड वाचता न येणारा माणूस ते न वाचताच पुसतो. अक्षर वाचता आलं नाही तरी आकडे वाचता येतात. 100% आणि 64 Kbps, बीएसएनएलला 40 Kbps, हे आकडे एकाच मेसेजमध्ये दिसले, आणि तो मेसेज आजच्या तारखेचा असला, की उत्तर मिळालं. आजच्या शेवटच्या मेसेजमध्ये 50% किंवा 90% दिसत असेल तर डेटा बहुधा अजून आहे, कारण दुसरं कुठलंतरी आहे.

मेसेज सापडला नाही तर कंपनीकडूनच शिल्लक विचारा. यासाठी नेट लागत नाही. फोन करतो त्या जागी हे टाइप करा आणि कॉलचं बटण दाबा:

```
एअरटेल     *121#
व्हीआय      *199#
बीएसएनएल   *123#
जिओ        1299
```

पहिल्या तिघांत पडद्यावर शिल्लक तरी दिसते किंवा मेनू उघडतो; मेनू आला तर डेटाच्या ओळीचा आकडा लिहून पाठवायचा. जिओत 1299 ला फोन लावला की तो आपोआप कट होतो आणि एसएमएस येतो. ज्या सिमचं नेट बघायचंय त्याच सिमवरून फोन करा. दोन सिमच्या फोनमध्ये लोक इथे हमखास चुकतात: पॅक दुसऱ्या सिमवर असतं, कॉल पहिल्यावरून जातो आणि शून्य शिल्लक दिसली म्हणून घाबरायला होतं.

तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती डोळ्यांनी दिसते. शाओमी, रियलमी, विवो, ओप्पो यांच्या बहुतेक फोनमध्ये वरच्या पट्टीत नेटचा वेग दाखवायची सोय असते. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत speed लिहिलं की connection speed किंवा network speed असं बटण सापडतं, ते चालू करा. मग एखादं पान उघडायला लावून त्या आकड्याकडे अर्धा मिनिट बघत बसा. तो ५, ६, ७, ८ केबी प्रति सेकंद याच्या आसपास घुटमळतोय आणि कितीही वेळ गेला तरी वर जात नाही, म्हणजे वेग आवळलाय. खराब रेंजमध्ये हा आकडा असा स्थिर राहत नाही. तो शून्यावर जातो, एकदम ३०० वर उडी मारतो, परत पडतो. आणि आकडा सतत शून्यच असेल तर वेग आवळलेला नाही, जोडणीच नाही. तीन अवस्था, तीन वेगळी कारणं, आणि ती या एका आकड्यात दिसतात.

निपाणीतल्या एका घरातला हिशेब

समजा निपाणीत कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या फोनवर रोज १.५ जीबीचं, २८ दिवसांचं पॅक आहे. १.५ जीबी म्हणजे १५३६ एमबी. सकाळी तिने तासभर लेक्चरचा व्हिडिओ ७२०पी वर बघितला, त्याला साधारण ९०० एमबी गेले. दुपारी भावाने ‘दहा मिनिटं दे गं’ म्हणून हॉटस्पॉट मागितला. त्याच्या लॅपटॉपला वाटलं की हे घरचं वायफाय आहे, म्हणून त्याने मागच्या मागे अपडेट उतरवायला सुरुवात केली आणि ३०० एमबी गेले. अर्धा-पाऊण तास रील बघण्यात २५० गेले. उरलेले ८६ एमबी व्हॉट्सअॅपचे फोटो आणि इकडचं तिकडचं. संध्याकाळी सहाला मर्यादा संपली.

सातला तिला फॉर्म भरायचा आहे आणि साइट उघडत नाही. वडील म्हणतात रिचार्ज संपला असेल, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तेच २८ दिवसांचं पॅक पुन्हा मारून येतात. पैसे गेले, ‘रिचार्ज सक्सेसफुल’ असा मेसेज आला, आणि साइट तरीही उघडत नाही.

का? कारण जुनं पॅक अजून चालू आहे, त्याचे बारा दिवस बाकी आहेत. नव्या पॅकने कंपनीनुसार एकतर मुदत पुढे वाढते किंवा ते रांगेत जाऊन बसतं आणि जुनं संपल्यावर सुरू होतं. आजच्या दिवसाच्या मर्यादेला ते हातच लावत नाही. ही सगळ्यात महागडी चूक आहे आणि ती फार घरांत होते. पैसे बुडत नाहीत हे खरं, पण ते पुढच्या महिन्याचे झाले. आजचा फॉर्म तसाच राहिला.

तिला हवं होतं ते वेगळं पॅक: फक्त डेटाचं, मूळ पॅकच्या वर चढवायचं. दुकानात त्याला ‘डेटा व्हाउचर’, ‘अॅड-ऑन’, ‘बूस्टर’ किंवा नुसतं ‘नेट पॅक’ म्हणतात. दुकानदाराला शब्दात सांगा: ‘मेन पॅक चालू आहे, आजचा डेली डेटा संपलाय, वरचं डेटा पॅक द्या.’ एवढं वाक्य पुरतं.

डेटा पॅक घेताना तीन गोष्टी

पहिली, मूळ पॅक खरंच जिवंत आहे का. डेटा व्हाउचर बहुधा मूळ पॅकच्या आधारावर चालतं. मूळ पॅकचीच मुदत गेली असेल तर नुसतं व्हाउचर मारून उपयोग नाही. आधी मूळ पॅक लागतं. याची खूण सोपी आहे: तुमचा बाहेर जाणारा फोनही लागत नसेल आणि रिचार्ज करा अशी सूचना ऐकू येत असेल, तर मुदत संपली. फोन लागत असेल तर संपलाय तो दिवसाचा डेटा.

दुसरी, मुदत. काही व्हाउचर १ दिवसाची असतात, काही ठरावीक दिवसांची, काही मूळ पॅक असेपर्यंत चालतात. ‘१ दिवस’ याचा अर्थ लोक २४ तास असा घेतात. बऱ्याच १ दिवसाच्या पॅकची मुदत त्याच रात्री बाराला संपते. रात्री साडेदहाला असं पॅक घेतलं तर दीड तासाचे पैसे दिले. त्या वेळी काम अगदीच तातडीचं नसेल तर थांबा, कारण रात्री १२ ला तुमची रोजची मर्यादा नव्याने भरते आणि पूर्ण वेग परत येतो. मूळ पॅकच्या मुदतीएवढं चालणारं व्हाउचर घेतलं तर साधारणपणे आधी रोजचा डेटा वापरला जातो आणि तो संपल्यावरच व्हाउचरचा कापायला लागतो. उरलेला दुसऱ्या दिवसासाठी राहतो. महिन्यातून तीन-चार वेळा मर्यादा संपत असेल तर हेच परवडतं.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची. रिचार्ज कुठल्या सर्कलचा मारायचा? सर्कल म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेला देशाचा विभाग. बेळगाव, निपाणी, खानापूर हे कर्नाटक सर्कल. नदीपलीकडचं, घाटापलीकडचं कोल्हापूर, चंदगड, मिरज हे महाराष्ट्र-गोवा सर्कल. सिम ज्या सर्कलचं, पॅकही त्याच सर्कलचं. फोन आज कुठल्या गावात आहे याचा संबंध नाही. निपाणीचा माणूस कागलच्या दुकानात गेला आणि दुकानदाराने सवयीने महाराष्ट्र निवडलं, तर यादीत दुसरीच पॅकं दिसतात, आणि रिचार्ज फेल होऊन पैसे काही काळ अडकू शकतात. नंबर बघून सर्कल ओळखता येतं या भ्रमात राहू नका. जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून दुसऱ्या राज्यात पोर्ट करता येतं, त्यामुळे कोल्हापूरच्या जुन्या मालिकेतला नंबर आज कर्नाटकचा असू शकतो. लग्न होऊन गडहिंग्लजहून संकेश्वरला आलेल्या किती जणींचे नंबर माहेरच्याच सर्कलचे असतात. दुकानदाराला तोंडाने सांगा: ‘कर्नाटक सर्कल’ किंवा ‘महाराष्ट्र सर्कल’. ठाऊक नसेल तर घरी वायफायवर कंपनीचं अॅप उघडून बघून ठेवा.

नेट नाही, मग ऑनलाइन रिचार्ज कसं करायचं

घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुमच्या नंबरचा रिचार्ज करता येतो. ज्याचं सिम त्याच्याच फोनवरून करावा लागतो असं काही नाही. किंवा शेजारच्या फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटं घ्या. आवळलेल्या वेगावर यूपीआय करायला जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. पैसे पाठवायची माहिती इवलीशी असते, ती जाते. पण ‘झालं’ असा निरोप परत यायला उशीर होतो, पडद्यावर ‘पेंडिंग’ दिसतं आणि माणूस पुन्हा पिन मारतो. दोनदा पैसे गेल्याच्या तक्रारी अशाच होतात. पेंडिंग दिसलं तर बँकेचा एसएमएस येतो का ते बघा, खात्याची शिल्लक तपासा, आणि तोवर दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका.

डेटा पॅक चढल्याचा मेसेज आल्यावरही पान उघडत नसेल तर विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबून पंधरा सेकंद थांबा आणि परत काढा. जुनी जोडणी जुन्या आवळलेल्या वेगानेच चालू राहिलेली असू शकते. विमान मोडमुळे ती तुटते आणि नवी जोडणी नव्या हिशेबाने बांधली जाते. रात्री बारानंतर वेग परत आला नाही तरी हेच करायचं.

पैसेच घालायचे नसतील आणि बारापर्यंत काम चालवायचं असेल, तर सेटिंगमध्ये Data Saver चालू करा. सॅमसंगमध्ये ते Connections च्या आत Data usage मध्ये असतं, साध्या अँड्रॉइडमध्ये Network & internet मध्ये. त्याने मागची अॅप गप्प होतात आणि ते ८ किलोबाइट एकाच कामाला मिळतात. व्हॉट्सअॅपवर लिहिलेले मेसेज आणि बिनचित्रांचं साधं पान एवढ्यात निभावतं. फॉर्म भरून फोटो अपलोड करायचा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. सेशन मध्येच संपतं आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागतं.

सीमेवरचा घोळ: डेटा आहे, पण टॉवर पलीकडचा

आता ते दुसरं कारण. कोगनोळी नाक्याजवळ, बाची-शिनोळीच्या रस्त्यावर किंवा कागवाडहून मिरजेकडे जाताना फोन आपल्या नकळत पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. शेतातल्या घरात बसल्या जागीही हे होतं. जो टॉवर जोरात ऐकू येतो तो फोन धरतो, राज्याची हद्द त्याला दिसत नाही. तुमच्याच कंपनीचा टॉवर असला तरी सर्कल दुसरं, म्हणून बरेच फोन त्याला रोमिंग समजतात आणि काड्यांजवळ छोटा R दिसतो. अशा फोनमध्ये Data roaming बंद असेल तर काड्या पूर्ण राहतात, कॉल लागतात, आणि नेट मात्र पूर्ण शून्य होतं.

म्हणूनच वर सांगितलेला वेगाचा आकडा महत्त्वाचा. मर्यादा संपली तर आकडा ५ ते ८ वर अडकतो आणि मेसेज जातात. रोमिंग अडवलं असेल तर आकडा शून्य आणि मेसेजवर एक घड्याळ तसंच बसून राहतं. शिल्लक विचारली तर डेटा पडून असतो.

उपाय म्हणजे सेटिंगमध्ये SIM किंवा Mobile network च्या आत जाऊन Data roaming किंवा नुसतं Roaming चालू करणं. आयफोनमध्ये Mobile Data, मग Mobile Data Options, मग Data Roaming. ‘रोमिंग’ या शब्दाला जुनी माणसं अजून घाबरतात, कारण पूर्वी त्याचे पैसे कटायचे. आता भारतातल्या भारतात तुमच्या पॅकचाच डेटा वापरला जातो. सीमेवर राहणाऱ्याने हे बटण कायम चालूच ठेवावं. परदेशी जाताना मात्र आधी बंद करावं, तिथला दर वेगळा असतो.

शहरात चालतं, गावात थांबतं

५जी फोन असणाऱ्यांना हा अनुभव येतो. बेळगावात दिवसभर व्हिडिओ चालतात, संध्याकाळी जांबोटीच्या बाजूला गावी गेलं की पान उघडत नाही. जिओ आणि एअरटेलच्या रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या बऱ्याच पॅकवर ५जीचा वापर रोजच्या मर्यादेत धरला जात नाही. पण फोन ४जीवर उतरला की तोच वापर मोजायला लागतो. शहरातही घराच्या आत, तळमजल्यावर फोन गुपचूप ४जीवर येतो आणि मर्यादा संपवून टाकतो. मग ५जी मिळत असेपर्यंत ते कळतच नाही, कारण ५जीवर पूर्ण वेग चालू असतो. ५जीची सवय लागली की व्हिडिओ १०८०पी वर ठेवलेले असतात, ते ४जीवर तासाभरातच पॅक खातात. गावी निघण्याआधी यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कसाठी Data saver निवडा.

डेटा शिल्लक आहे, वेग शून्य आहे, रोमिंगही चालू आहे, तर

पॅकमध्ये मुळात डेटा आहे का ते बघा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलल्यापासून कंपन्या फक्त कॉल आणि एसएमएसची पॅकं विकतात. घरातल्या थोरांसाठी ती घेतली जातात आणि पुढे कुणीतरी त्याच सिमवर व्हॉट्सअॅप सुरू करायला जातं. तिथे काही संपलेलं नाही, डेटा नव्हताच.

ज्या पॅकमध्ये रोजची मर्यादा नसून महिन्याला मिळून ठरावीक जीबी असतात, तिथे नियम वेगळा. काही पॅकमध्ये डेटा संपल्यावर एमबीमागे ५० पैसे मुख्य बॅलन्समधून कापले जातात. १ जीबीचे ५१२ रुपये होतात, म्हणून असं पॅक असेल तर मुख्य बॅलन्समध्ये मोठी रक्कम ठेवू नका. बॅलन्स नसेल तर नेट थेट थांबतं, ६४ वरसुद्धा चालत नाही.

दोन सिमच्या फोनमध्ये मोबाइल डेटा कुठल्या सिमवर लावलाय ते पाहा. फोनच्याच Data limit मध्ये कुणी मर्यादा घातली असेल तर कंपनीकडे डेटा असूनही फोन स्वतः नेट बंद करतो; ते Data usage च्या आत काढून टाकता येतं. कधीकाळी 1925 या नंबरला STOP असा एसएमएस गेला असेल तर कंपनीकडूनच डेटा बंद असतो; START लिहून त्याच नंबरला पाठवा, हा एसएमएस फुकट आहे. फोन नवा असेल किंवा रिसेट केला असेल तर APN, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमधलं नेट जोडणीचं नाव, बघा: जिओला jionet, एअरटेलला airtelgprs.com, व्हीआयला www, बीएसएनएलला bsnlnet.

एवढं करून शून्यच राहिलं तर त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन शेजारी धरा. त्याचंही नेट शून्य असेल तर टॉवरची अडचण आहे, वाट बघा. त्याचं चालत असेल तर 198 ला फोन करून तक्रार नोंदवा आणि मेसेजमध्ये आलेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: सिम कुठल्या सर्कलचं, शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा आणि कुठल्या तारखेचा, आणि शिल्लक विचारल्यावर आलेला आकडा. पलीकडचा माणूस हेच तिन्ही विचारतो.

कुठे गेला हे शोधायचं असेल तर

सेटिंगमध्ये Data usage किंवा App data usage उघडा. तिथे अॅप उतरत्या क्रमाने लागलेली असतात. यूट्यूब आणि इन्स्टाग्राम वर असणारच, त्यांच्याखाली काय आहे ते महत्त्वाचं. हॉटस्पॉटची ओळ Tethering किंवा Hotspot नावाने वेगळी दिसते. प्ले स्टोअर वर आलं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये अॅप अपडेट फक्त वायफायवर करा. गूगल फोटोज दिसलं तर बॅकअपसाठी मोबाइल डेटा बंद करा. लग्नाला जाऊन आल्यावर दोनशे फोटो आणि वीस व्हिडिओ चढवताना ते एका संध्याकाळचा डेटा संपवतं. व्हॉट्सअॅपमध्ये Storage and data च्या आत मोबाइल डेटासाठी व्हिडिओ आपोआप उतरण्याची खूण काढा. लॅपटॉपला हॉटस्पॉट देणार असाल तर विंडोजमध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मात Metered connection चालू करा, मग बहुतेक मोठी अपडेट वायफाय मिळेपर्यंत थांबतात.

फोनने मोजलेला आकडा आणि कंपनीचा आकडा थोडा वेगळा येतो. वाद झाला तर हिशेब कंपनीचाच धरला जातो, म्हणून १.५ जीबीच्या पॅकवर फोनमध्ये १.३ जीबीचा इशारा लावून ठेवा. मात्र फोन हा इशारा बहुधा महिन्याच्या चक्रावर मोजतो. तिथे दिवसाचं चक्र निवडायची सोय तुमच्या फोनमध्ये असेल तर ते निवडा; नसेल तर संध्याकाळी पाचच्या सुमारास एकदा वर दिलेला नंबर लावून शिल्लक बघा, म्हणजे रात्रीच्या अभ्यासाला किती उरलंय ते आधीच कळतं.